पंचमात राहू आहे म्हणून मुलगी घरात न सांगता लग्न करेल का?

प्रश्न: "मुलगी २९ वर्षांची, पुण्यात नोकरीला. फेब्रुवारी १९९७ चा जन्म, कोल्हापूर, दुपारी १२.५०. वृषभ लग्न, मीन रास, रेवती नक्षत्र. पाचव्या घरात राहू आणि मंगळ. एका गुरुजींनी पत्रिका बघून सांगितलं, प्रेमविवाहच होणार, तोही जातीबाहेर आणि तुम्हाला न विचारता. तेव्हापासून घरात कुणाची झोप लागत नाही. ती स्वतः काही बोलत नाही. स्थळं बघणं थांबवायचं की घाई करायची?"

ताई, मी सव्वीस वर्षं कोल्हापुरात पत्रिका बघतोय. पंचमातल्या राहूनं जेवढ्या आयांची झोप उडवलीय तेवढी शनीनंसुद्धा उडवलेली नाही. तुमच्या प्रश्नात खरं तर तीन वेगळे प्रश्न गुंफले गेलेत. मुलीचं मन कुणावर बसेल का, हा पहिला. त्याचं विवाहात रूपांतर होईल का, हा दुसरा. आणि घराला बरोबर घेऊन होईल की घर सोडून, हा तिसरा. गुरुजींनी तिन्हींचं उत्तर एकट्या राहूवरून देऊन टाकलं. पत्रिकेत ही तीन उत्तरं तीन निरनिराळ्या जागी असतात.

(लग्न हा शब्द आमच्याकडे उदयराशीसाठी, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेल्या राशीसाठी वापरतात. गोंधळ नको म्हणून पुढे लग्नकार्याला मी विवाहच म्हणतो.)

पहिल्यांदा राहूचं ओझं थोडं हलकं करू. राहू एका राशीत साधारण दीड वर्ष बसतो आणि लग्नरास दर दोन तासांनी बदलते. म्हणजे त्या दीड वर्षात जन्मलेल्या दर बारा मुलांतल्या साधारण एकाच्या पंचमात तो असणारच. तुमच्या मुलीच्या शाळेच्या वर्गात साठ मुलं असतील, तर चार-पाच जणांच्या पंचमात राहू निघेल. ती सगळी घर सोडून गेली असती, तर कोल्हापुरातल्या मंगल कार्यालयांना टाळं लागलं असतं.

आणखी एक गोष्ट, जी आम्ही ज्योतिषी सहसा सांगत नाही. जुन्या ग्रंथांत पंचम हे प्रामुख्यानं संतती, बुद्धी, मंत्र आणि पूर्वपुण्याचं घर आहे. प्रेमप्रकरण हा अर्थ त्याला व्यवहारात पुढे ठळकपणे चिकटला. मी तो वापरतो, कारण मन कुठं रमतं ते पंचमावरून कळतं असा माझा अनुभव आहे. पण तो वापरताना एवढंच लक्षात ठेवतो की पंचम 'आवड' सांगतं, 'विवाह' सांगत नाही. विवाहाचं घर सप्तम. प्रेमाचा विवाह व्हायचा असेल, तर पंचम आणि सप्तम यांच्यात रस्ता असावा लागतो: दोघांचे स्वामी एकत्र, किंवा एकमेकांच्या घरात, किंवा निदान एकमेकांना बघणारे. हा रस्ता नसेल, तर पंचमात राहू काय किंवा शुक्र काय, प्रकरण होतं आणि संपतं.

हे मी चूक करून शिकलो. सुरुवातीच्या काळात इचलकरंजीकडचा एक मुलगा आला होता. पंचमात राहू, शुक्र त्याच्या शेजारी. मी छातीठोकपणे सांगितलं, प्रेमविवाह. मुलाचं चार वर्षं एका मुलीशी जमलेलं होतं, त्यामुळे तोही खूश. सप्तमेश, म्हणजे सप्तमाचा स्वामी, मात्र बाराव्या घरात एकटा पडला होता, पंचमाशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि मी तिकडे बघितलंच नाही. दोन वर्षांनी तो कांदेपोहे खाऊन ठरलेल्या विवाहाची पत्रिका द्यायला आला. वर म्हणाला, "गुरुजी, तुमचं अर्धं बरोबर आलं." त्या दिवसापासून मी पंचम बघितलं की लगेच सप्तमेश शोधतो.

आता तुमच्या मुलीची पत्रिका. वृषभ लग्नाला पंचमात कन्या आणि सप्तमात वृश्चिक येते. वृश्चिकेचा स्वामी मंगळ, आणि तोच पंचमात बसलाय. म्हणजे सप्तमेश पंचमात, रस्ता आहे. मंगळ त्या महिन्यात नुकताच वक्री झाला होता आणि कन्येत साधारण बारा अंशांवर होता, त्यामुळे नवांशात, म्हणजे राशीचे नऊ भाग करून मांडलेल्या कुंडलीत, तो मेषेत, स्वतःच्या राशीत पडतो. सप्तमेश दुबळा नाही. त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांना माझं उत्तर गुरुजींच्याच बाजूचं आहे. मुलीची स्वतःची निवड असण्याची आणि ती विवाहापर्यंत जाण्याची शक्यता बरीच आहे. इथं राहू नसता, तरी मी हेच म्हटलं असतं.

मग राहू काय करतो? राहूला स्वतःची रास मानायची की नाही यावर मतं आहेत, पण तो ज्या राशीत बसतो तिच्या स्वामीमार्फत बोलतो, यावर बहुतेक जण एकमत आहेत. इथं तो कन्येत, म्हणजे बुधाच्या घरात. बुध कुठं आहे? मकरेत, भाग्यस्थानात. आणि एकटा नाही. त्याच्याबरोबर शुक्र, गुरू आणि रवी अशी चौघांची पंगत नवव्या घरात बसली आहे. नववं घर वडिलांचं, वडीलधाऱ्यांचं, कुळाच्या रीतीचं. राहूची दोरी ज्याच्या हातात आहे, तो ग्रह वडीलधाऱ्यांच्या ओसरीवर बसलाय.

वृषभ लग्नाची गंमत अशी की बुध हा एकाच वेळी दुसऱ्या आणि पाचव्या घराचा स्वामी असतो. दुसरं घर कुटुंबाचं. म्हणजे या मुलीच्या पत्रिकेत 'घरची माणसं' आणि 'मनाची आवड' या दोन खोल्यांची किल्ली एकाच माणसाकडे आहे. अशी मुलगी आवडीसाठी घर तोडते असं मी फारसं बघितलेलं नाही. उलट ती गप्प राहते, कारण तिला दोन्ही हवं असतं आणि आधी कुणाला सांगावं ते कळत नाही.

जिथं घर सुटतं ती पत्रिका वेगळी दिसते. पंचम-सप्तमाचा रस्ता तिथं आठव्या किंवा बाराव्या घरातून जातो, कुटुंबेश आणि भाग्येश पापग्रहांत सापडलेले असतात, आणि लग्नेशाचा त्या दोघांशी काही धागा नसतो. राहू तिथं आगीत तेल ओततो. इथं लग्नेश शुक्र स्वतः भाग्यात आहे, कुटुंबेश बुधाला चिकटून. चतुर्थेश रवी, म्हणजे घराचा आणि आईचा ग्रह, तोही तिथंच. तुमच्या पत्रिकेवाल्या गुरुजींनी पाचवं घर वाचलं आणि नववं पान उलटायचं राहून गेलं, असं मला वाटतं.

शुक्राबद्दल थोडं वेगळं सांगतो, कारण लोक शुक्र बघताना एकच विचारतात, 'बलवान आहे का?' शुक्र बलवान असला म्हणून प्रेमविवाह होत नाही. त्यानं फक्त नात्याची ओढ आणि रसिकता कळते. मी बघतो की शुक्र कोणाच्या संगतीत आहे. राहूजवळचा शुक्र ओळखीच्या वर्तुळाबाहेरचं, थोडं निषिद्ध असलेलं आकर्षण दाखवतो. शनीजवळचा शुक्र उशिरा आणि हिशोबानं निवडतो. इथं शुक्र गुरूच्या जवळ आहे. गुरू मकरेत नीच, म्हणजे दुबळा आहे हे खरं, पण मकरेचा स्वामी शनी चंद्राबरोबर बसल्यानं त्याचा नीचभंग होतो, तो दुबळेपणा जातो. शिवाय गुरूची नववी दृष्टी पंचमावर, थेट राहू-मंगळावर आहे. भडकायचं ते थोडं थोपवणारी ही दृष्टी. काही जण राहूला पाचवी आणि नववी दृष्टी देतात. ती मानली तर राहूची पाचवी दृष्टी शुक्रावर पडते आणि जोडीदार वेगळ्या प्रांतातला किंवा जातीचा असण्याकडे कल जरा वाढतो. मी ती दृष्टी मोजत नाही, पण मोजणारे चूक आहेत असंही म्हणणार नाही.

जातीबाहेर, हा शब्द मात्र मी पत्रिकेवरून वापरत नाही. आकाशातल्या कुठल्याच ग्रहाला जातीचा दाखला वाचता येत नाही. राहू 'तुमच्या नेहमीच्या वर्तुळाबाहेरचं' एवढंच दाखवतो, आणि ते वर्तुळ प्रत्येक घराचं वेगळं. एका घरात गडहिंग्लजचा मुलगासुद्धा परका असतो, दुसऱ्या घरात जर्मनीतला जावईही चालतो. आणि आपण राहतो त्या गावात शाहू महाराजांनी १९१९ सालीच आंतरजातीय विवाहाला कायद्यानं मान्यता दिली होती. तेव्हा कोल्हापूरकरानं या एका शब्दानं हादरून जाणं मला जरा कोड्यातच टाकतं.

शनी राहिला. तो मीनेत, अकराव्या घरात, चंद्र आणि केतूबरोबर, आणि तिथून सातव्या दृष्टीनं पंचमाला बघतो. शनी इथं भाग्येश आहे, म्हणजे पुन्हा वडीलधारेच. माझं वाचन असं की घरातल्या कुणा मोठ्या माणसाचा सुरुवातीला विरोध होईल, बराच वेळ जाईल, आणि नंतर तोच माणूस पुढं होऊन कार्य लावून देईल. चंद्र शनी-केतूत अडकल्यामुळे मुलगी मनातलं बोलत नाही. तुम्ही लिहिलंयत की ती काही बोलत नाही. त्याचा अर्थ ती काहीतरी लपवतेय असाच घेऊ नका, तिचा स्वभावच तसा दिसतो.

याच चंद्रामुळे तुम्हाला आणखी एक त्रास होत असेल. मंगळ लग्नापासून पाचवा आहे, म्हणजे एक, चार, सात, आठ, बारा यांपैकी कुठंच नाही, त्यामुळे लग्नावरून मंगळदोष नाही. पण मीन राशीपासून मोजला तर कन्या सातवी येते. जे चंद्रापासून मंगळ बघतात ते हिला मंगळाची ठरवतात. एखाद्या स्थळाकडून 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप आला असेल, तर हे कारण असू शकतं. मी दोन्हीकडून दोष आला तरच गांभीर्यानं घेतो.

काळाचं बघू. रेवतीच्या जन्मानं बुधाची महादशा सुरू होती, ती २००९ च्या अखेरीपर्यंत. मग सात वर्षं केतू आणि २०१६ च्या अखेरीपासून शुक्राची वीस वर्षं. शुक्राच्या महादशेतला राहूचा पोटकाळ, म्हणजे अंतर्दशा, २०२४ च्या सुरुवातीला लागली, ती २०२७ च्या सुरुवातीपर्यंत आहे. लग्नेशाच्या महादशेत पंचमातला राहू. कुणी मनात असेल, तर तो बहुधा याच काळात आला असेल किंवा जुनी ओळख याच काळात पक्की झाली असेल. गोचरीचा, म्हणजे सध्या आकाशात फिरणारा, गुरू जून २०२६ च्या सुरुवातीला कर्केत येतो. कर्क तिचं तिसरं घर. तिथून गुरूची पाचवी दृष्टी सप्तमावर आणि सातवी दृष्टी भाग्यातल्या त्या चौघांवर पडते. शनी तेव्हा मीनेत असतो आणि सप्तमेश मंगळाला बघत असतो. विवाहाची बोलणी होण्यासाठी मला हवी असलेली जुळणी ही. जून ते ऑक्टोबर २०२६ मध्ये विषय निघाला नाही, तर पुढे शुक्रात गुरूची अंतर्दशा आहे, तीही वाईट नाही. आणि हो, मीन राशीला साडेसातीचा मधला टप्पा चालू आहे. साडेसातीत विवाह होत नाहीत असं कुणी सांगितलं, तर ऐकून सोडून द्या. साडेसातीत विवाह झालेली जोडपी मी मोजायला बसलो तर वही संपेल.

आता ज्यावर माझा भरवसा कमी आहे तेही सांगतो. प्रेमविवाह की ठरवून, ही विभागणी आपल्याकडे आता पत्रिकेपेक्षा घरच्यांच्या तोंडावर जास्त अवलंबून असते. राजारामपुरीतलं एक घर आठवतं. मुलगा-मुलगी कॉलेजपासून पाच वर्षं एकमेकांना ओळखत होती. मुलीनं आत्याला सांगितलं, आत्यानं मध्यस्थ उभा केला, रीतसर पाहण्याचा कार्यक्रम झाला, मुलानं अनोळखी असल्यासारखं "तुम्हाला काय आवडतं?" असंही विचारलं. आज दोन्ही घरं तो ठरवून केलेला विवाह म्हणूनच सांगतात. मुलीच्या पत्रिकेत पंचमेश-सप्तमेश एकत्र, भाग्यात, राहूचा कुठं मागमूस नाही. माझं भाकीत बरोबर धरायचं की चूक, कोण ठरवणार? दुसरं असं की माझ्याकडे येतात ते मुळात अडलेले लोक. ज्यांच्या पंचमात राहू आहे आणि ज्यांचं सगळं सुरळीत झालं, ते माझी पायरी कशाला चढतील? त्यामुळे 'पंचमातला राहू त्रासदायक' हा आमचा अनुभव थोडा एकांगीच असतो. तुमच्या पत्रिकेचं माझं वाचनही शेवटी परंपरेचे नियम आणि माझी सवय यांतूनच आलंय.

मला विचाराल तर स्थळं थांबवू नका आणि घाईही करू नका. पण पुढचं स्थळ मुलीला कळवण्याआधी तिला एकदा सरळ विचारा, आणि विचारताना 'कुणी आहे का?' असं विचारू नका. शनी-केतूतल्या चंद्राला या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच देता येतं. 'कुणी असेल, तर त्याला घरी बोलवायला आम्हाला किती दिवस लागतील असं तुला वाटतं?' असं काहीतरी विचारा. माझ्या एका यजमानीणबाईंनी हेच वाक्य रंकाळ्यावर भेळ खाताना टाकलं होतं. मुलगी दहा मिनिटं काही बोलली नाही, आणि मग फोनमधला फोटो दाखवला. आईचा आवाज कोर्टातला नसला म्हणजे झालं. हे विचारणं वडिलांपेक्षा तुम्हीच करा, कारण चतुर्थेश रवी भाग्यात असल्यानं तिला वडिलांपर्यंत न्यायचा रस्ता तुमच्यातूनच जातो.

एक तपासणी मात्र आजच करा. दुपारी १२.५० ही वेळ तुम्हाला कुठून मिळाली? त्या दिवसांत कोल्हापुरात वृषभ लग्न साधारण १२.०५ ला सुरू होऊन दोनच्या आसपास संपत होतं. तुमची वेळ पाऊण तास आत आहे, त्यामुळे पाच-दहा मिनिटांनी लग्न बदलणार नाही. नवांशाचं लग्न मात्र साधारण तेरा मिनिटांत बदलतं, म्हणून त्यावर मी काही उभं केलेलं नाही. वर सांगितलेला मंगळाचा नवांश वेळेवर अवलंबून नाही, तो टिकेल. पण आमच्याकडे पुष्कळदा घरच्यांनी बाळ पहिल्यांदा बघितलं ती वेळ जन्मवेळ म्हणून लिहून ठेवलेली असते. दवाखान्याचा कागद किंवा बाळंतपणाची फाईल शोधा. जन्म १२ च्या आधीचा निघाला तर लग्न मेष होतं, राहू-मंगळ पंचमातून सहाव्या घरात जातात, सप्तमाचा स्वामी शुक्र होतो आणि तो दशमात पडतो. मग गुरुजींचं भाकीत गेलं आणि माझंही गेलं. तसं असेल तर वेळ कळवा, नव्यानं मांडू.